लाल सलाईन आणि टू डी इको

(दृश्य: केमोथेरपीचा डे-केअर कक्ष. नर्स सिरिंजमधलं लाल औषध चालू सलाईनच्या नळीत सावकाश सोडते आहे.)

हे डॉक्सोरुबिसिन. बऱ्याच वॉर्डांत अजूनही त्याला ॲड्रियामायसिन म्हणतात. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, सार्कोमा, लहान मुलांमधला रक्ताचा कर्करोग, अशा कितीतरी आजारांत ते वापरलं जातं. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. ते रक्त नव्हे, हे नर्स आधीच सांगून ठेवते. हृदयाबद्दल मात्र तितकं स्पष्टपणे बोललं जातंच असं नाही.

(दृश्य: इटलीचा नकाशा. दक्षिणेकडचा एक जुना किल्ला.)

१९५० च्या दशकात दक्षिण इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीतून एक जिवाणू मिळाला. तो लाल रंगाचं द्रव्य तयार करत होता. मिलानच्या फार्मितालिया कंपनीतल्या संशोधकांनी त्यावर काम केलं आणि पुढे त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन मिळवलं. ॲड्रियामायसिन हे नाव जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून पडलं. गाठी वितळू लागल्या, पण काही वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आलं की बरे झालेले काही रुग्ण धाप लागून, पायांना सूज येऊन परत येत आहेत. ॲन्थ्रासायक्लिन गटातल्या इतर औषधांचंही तेच होतं.

(दृश्य: ॲनिमेशन. हृदयाच्या स्नायूची एक पेशी.)

हे औषध डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या एका विकराला जागच्या जागी अडकवतं. त्यामुळे डीएनए तुटतो आणि झपाट्याने विभागणारी कर्कपेशी मरते. त्याच विकराचा एक भाऊबंद हृदयाच्या स्नायूपेशीत असतो. तोही अडकतो, आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉण्ड्रियांचं काम बिघडतं. शिवाय औषधाचा लोहाशी संयोग होऊन घातक ऑक्सिजन-कण तयार होतात. हृदयाच्या पेशी जवळपास विभागतच नाहीत. मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही, तिथे व्रण राहतो.

म्हणूनच इथे एका सलाईनचा हिशेब पुरत नाही. आयुष्यभरात मिळून किती औषध गेलं, ते महत्त्वाचं. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात घेतलेला डोसही या बेरजेत येतो. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिलिग्रॅममध्ये मोजतात. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकूण ५५० मिलिग्रॅम झालेल्यांपैकी सुमारे ७ टक्के लोकांचं हृदय निकामी होऊ लागल्याचं दिसलं. २००३ साली जुन्या चाचण्यांची नोंद पुन्हा तपासली, तेव्हा ५५० ला हा आकडा सुमारे २६ टक्के आणि ४०० ला सुमारे ५ टक्के निघाला. म्हणजे धोका आधी वाटला त्याहून लवकर सुरू होतो. पूर्णपणे निर्धोक अशी मात्रा नाही.

(दृश्य: टू डी इकोची खोली. पडद्यावर हलणारं हृदय.)

समजा, ५४ वर्षांच्या एका बाईंना स्तनाचा कर्करोग झाला आहे, एचईआर-टू पॉझिटिव्ह प्रकारचा, म्हणजे ज्याच्या पेशींवर एचईआर-टू हे प्रथिन जास्त असतं असा. वजन ५८ किलो, उंची १५३ सेंटिमीटर. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. पृष्ठभाग येतो १.५७ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी सुमारे ९४ मिलिग्रॅम. अशा चार फेऱ्या, म्हणजे दर चौरस मीटरला एकूण २४०. आकडा ४०० च्या बराच आत आहे, पण वय आणि प्रेशर या दोन्हींनी धोका वाढतो.

पहिली फेरी देण्यापूर्वी टू डी इको होतो. पंपिंग ६२ टक्के. म्हणजे डाव्या मोठ्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी ६२ टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं. ही पहिली तपासणी टाळली, तर पुढचा आकडा कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न उरतो. आणि साध्या इकोत दोन वेळचं पंपिंग तपासणाऱ्यामुळेच आठ-दहा टक्क्यांनी वेगळं येऊ शकतं. म्हणून शक्यतो तेच केंद्र, तेच यंत्र. जिथे थ्री डी इको मिळतो तिथे ही चूक कमी होते.

त्याच वेळी स्ट्रेनही मोजतात. ठोक्यागणिक स्नायूचा तंतू लांबीने किती टक्के आखडतो, हा तो आकडा. या बाईंचा स्ट्रेन २० होता. चौथ्या फेरीनंतर तो १६.६ झाला. पंपिंग अजून ५७, बाई जिनाही सहज चढतात. पण स्ट्रेन मूळच्या आकड्याच्या १७ टक्क्यांनी घसरला आहे, आणि १५ टक्क्यांपेक्षा जास्त घट हा इशारा मानतात. रक्तातलं ट्रोपोनिनही थोडं वाढलं आहे, म्हणजे स्नायूपेशींना इजा होते आहे.

इथे कर्करोगाचे उपचार बंद करायचे नाहीत. हृदयरोगतज्ज्ञ प्रेशरची गोळी बदलून हृदयालाही जपणारी गोळी देतात, सोबत ठोके आणि प्रेशर कमी करणारं कार्व्हेडिलॉल अगदी कमी मात्रेत. स्ट्रेन पाहून असे उपचार लवकर सुरू केल्याने पुढे सगळ्यांचाच फायदा होतो, असं मोठ्या चाचणीत ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तरीही अशा रुग्णाला नुसतं वाट पाहत ठेवणं मला पटत नाही.

(दृश्य: मिलान शहर.)

कारण पुन्हा मिलानमध्ये सापडतं. तिथल्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीतल्या डॉक्टरांनी ॲन्थ्रासायक्लिन घेतलेल्या २,६२५ रुग्णांचा नियमित पाठपुरावा केला. सुमारे ९ टक्के रुग्णांचं हृदय बिघडलं, आणि त्यातला ९८ टक्के बिघाड केमो संपल्यावर पहिल्या वर्षातच दिसला. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात, केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाची औषधं सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचं पंपिंग पूर्ववत झालं. सहा महिन्यांनंतर सुरू केलेल्यांत एकाचंही पूर्ण सुधारलं नाही. धाप लागेपर्यंत थांबलं, तर ही संधी बहुधा निघून गेलेली असते.

(दृश्य: औषधांची छोटी कुपी.)

इजा आधीच कमी करण्याचेही मार्ग आहेत. एकूण मात्रा बरीच वाढणार असेल, तर डॉक्सोरुबिसिनच्या आधी अर्ध्या तासाच्या आत डेक्सराझोक्सेन देतात, त्याच्या दहापट मात्रेत. ते लोह पकडतं आणि त्या विकरावरही असर करतं. मेदाच्या सूक्ष्म आवरणात बंद केलेलं डॉक्सोरुबिसिनही आहे. ते हृदयात कमी उतरतं, पण सगळ्या कर्करोगांत चालत नाही आणि महाग पडतं.

बाईंचं पुढचं औषध एचईआर-टूवर नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब, वर्षभर दर तीन आठवड्यांनी. तेही पंपिंग कमी करू शकतं, पण बहुधा पेशी न मारता, त्यामुळे बंद केल्यावर हृदय बरेचदा सावरतं. पूर्वी ही दोन्ही औषधं एकत्र देऊन पाहिली होती, तेव्हा सुमारे २७ टक्के रुग्णांना हृदयाचा त्रास झाला. म्हणून आता आधी डॉक्सोरुबिसिन, मग ट्रॅस्टुझुमॅब, आणि दर तीन महिन्यांनी इको.

सहाव्या महिन्याच्या इकोत पंपिंग ४८. लक्षण काहीच नाही. डॉक्टर ट्रॅस्टुझुमॅब थांबवतात, हृदयाच्या गोळ्यांची मात्रा वाढवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. ५५. ट्रॅस्टुझुमॅब पुन्हा सुरू होतं. कॅन्सरचा डॉक्टर आणि हृदयाचा डॉक्टर यांनी एकमेकांना फोन करून ठरवलेला हा निर्णय असतो.

(दृश्य: रुग्णाची फाइल. डिस्चार्ज कार्डाचं पान.)

उपचार संपल्यावर डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांना सांगून एक ओळ लिहून घ्यावी: ‘डॉक्सोरुबिसिन, एकूण २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर’, आणि शेजारी शेवटच्या इकोची तारीख व पंपिंग. या बाईंचा पुढचा इको वर्षभराच्या आत ठरलेला आहे. पुढे तपासण्यांमधलं अंतर वाढेल, पण त्या थांबणार नाहीत, आणि प्रेशरची गोळीही.