लाईट आली तरी फ्रीजला तीन मिनिटं थांबू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

जून महिन्यातली गोष्ट. वाळपईच्या पलीकडे एका घरी मला फ्रीज बघायला बोलावलं होतं. आदल्या रात्री वाऱ्यापावसात फणसाची फांदी तारांवर टेकली होती आणि पंधरा मिनिटांत पाच-सहा वेळा लाईट जाऊन आली होती. मासेमारी बंद व्हायच्या आधी घेऊन ठेवलेले बांगडे फ्रीझरमध्ये होते, त्यामुळे घरच्या वहिनींचा जीव टांगणीला लागलेला. त्या म्हणाल्या, "दादा, मागून घुं करतो, मग टक्‌ असा आवाज येतो, मग गप्प. दोन मिनिटांनी परत तेच. आतला दिवा मात्र लागतो."

एवढं ऐकलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला निम्मं कळतं. आतला दिवा लागतो म्हणजे वीज फ्रीजपर्यंत येते आहे. घुं म्हणजे मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे, पण तिला फिरता येत नाही. आणि टक्‌ म्हणजे कॉम्प्रेसरच्या कुशीत बसवलेला ओव्हरलोड नावाचा छोटा संरक्षक तापून वीज तोडतो आहे.

मोटरला फिरता का येत नाही, ते सांगतो. फ्रीज चालू असताना कॉम्प्रेसर एका बाजूने गॅस ओढतो आणि दुसऱ्या बाजूला दाबून पाठवतो. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आर-१३४ए गॅसचे फ्रीज आहेत. त्यांत ओढण्याच्या बाजूला दाब जेमतेम असतो, तर दाबण्याच्या बाजूला सुमारे दीडशे पौंड. या दोन बाजू जोडणारी वाट म्हणजे केसासारखी बारीक तांब्याची नळी, कॅपिलरी. फ्रीज बंद झाला की जास्त दाबाकडचा गॅस त्या नळीतून सावकाश कमी दाबाकडे सरकतो. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आयसोब्युटेनवर चालणाऱ्या नव्या फ्रीजमध्ये दाब बरेच कमी असतात, पण वाट बघण्याचं गणित तेच.

सायकलने चोर्ला घाट चढणाऱ्याला विचारा. सपाटीवरून वेग घेऊन आलात तर चढ निघतो. पण मधेच पाय टेकलात आणि तिथूनच पुन्हा पायडल मारायला गेलात, तर सायकल हलत नाही. घरच्या फ्रीजची मोटर मुद्दामच सुरुवातीला कमी जोर लावणारी बनवलेली असते, कारण दाब सारखा झाल्यावरच तिला सुरू व्हायचं आहे असं धरलेलं असतं. फिरत असताना ती दीडशे पौंडांविरुद्ध सहज दाबते. थांबलेली मोटर मात्र त्याच दाबाखालच्या पिस्टनला हलवू शकत नाही. त्यातून लाईट आल्याबरोबर गावभरचे पंखे आणि फ्रीज एकदम वीज ओढतात आणि व्होल्टेज पडतं. २३० व्होल्टांच्या जागी १८० मिळाले, तर मोटरचा जोर नेहमीच्या साठ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

त्या घरी मी प्लगवर व्होल्टेज मोजलं, २२५ निघालं. म्हणजे तक्रार विजेची नव्हती. मग वायरला क्लॅम्प मीटर लावला. चालताना एक अँपिअरच्या आसपास घेणारा तो फ्रीज घुं करताना नऊ अँपिअर घेत होता. करंट नऊपट झाला की वाइंडिंगच्या तांब्यात निघणारी उष्णता नवाच्या वर्गाने, म्हणजे एक्क्याऐंशी पट होते. शिवाय गॅस फिरत नसल्यामुळे वाइंडिंगला मिळणारा थंडावाही बंद. तारेवरच्या वार्निशाला हे फार वेळ सोसत नाही.

तुम्ही म्हणाल, ओव्हरलोड आहे की! आहे, आणि त्याच्यामुळेच बहुतेक फ्रीज एका फटक्यात मरत नाहीत. काही सेकंदांत तो वीज तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो, आणि दोन-तीन खेपांनंतर तोवर दाब सारखा झाल्यामुळे फ्रीज सुरू होतो. मालकाला पत्ताही लागत नाही. पण प्रत्येक खेपेला वाइंडिंग आणि स्टार्टिंग रिले तापून निघतात.

वहिनींच्या फ्रीजचा प्लग काढून मी अर्धा तास थांबलो, तरी लावल्यावर पुन्हा घुं-टक्‌. म्हणजे आता दोष दाबाचा राहिला नव्हता. कॉम्प्रेसरवरचा रिले काढून कानापाशी हलवला, तर आत खुळखुळला. या रिलेत एक सिरॅमिकची चकती असते. ती मोटरला सुरुवातीचा धक्का देते, मग तापून स्वतःहून बाजूला होते. पुन्हा धक्का द्यायला तिला थंड व्हावं लागतं, आणि त्यालाही काही मिनिटं हवीतच. रात्रभरच्या माराने ती तडकली होती. मग कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांमधला रोध मोजला. एक जोडी १४ ओहम, दुसरी २२ आणि तिसरी ३६. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी भरली, बॉडीला कुठे गळती नव्हती, म्हणजे वाइंडिंग शाबूत. नवा रिले बसवला आणि फ्रीज लागला. रिलेवर भागलं म्हणून बरं, नाहीतर कॉम्प्रेसर बदलायचा आणि गॅस नव्याने भरायचा खर्च होता.

यावरचा फुकटचा उपाय सोपा आहे. लाईट गेली की फ्रीजचं बटण बंद करायचं आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावायचं. दार उघडलं नाही तर तेवढ्यात मासळीला काही होत नाही. पण रात्री दोन वाजता कोण उठणार? त्यासाठी टाईम डिलेचा प्लग किंवा टाईम डिले असलेला स्टॅबिलायझर घ्यायचा. वीज आली की तो लगेच फ्रीजला देत नाही. साधारण तीन मिनिटं मोजतो आणि मगच रिले जोडतो. मधे पुन्हा लाईट गेली तर मोजणी पहिल्यापासून. नुसत्या स्टॅबिलायझरवर विसंबू नका, सगळ्यांत डिले नसतो. काहींमध्ये डिले कमी-जास्त करायचं बटण असतं आणि ते काही सेकंदांवर ठेवलेलं असतं. ते लांबच्या वेळेवर करा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये ही काळजी आतलं सर्किटच घेतं. तिथे जपायचं ते वाढलेल्या व्होल्टेजपासून.

घरी असलेला डिले चालतो की नाही, हे एका टेबल लॅम्पने कळतं. फ्रीजच्या जागी लॅम्प लावा, भिंतीवरचं बटण दोन सेकंद बंद करून परत चालू करा. लॅम्प लगेच पेटला, तर डिले नाही किंवा आतल्या रिलेचे पॉइंट चिकटले आहेत. समुद्राकाठच्या दमट हवेत जुन्या प्लगचं असं होतं, म्हणून मे महिन्यात, पावसाच्या आधी, एकदा बघून घ्यावं.

वहिनींनी त्याच आठवड्यात डिलेचा प्लग आणवला. पुढच्या पावसाळी रात्री त्यांचा फोन आला, "दादा, लाईट आली, पण ह्याचा लाल दिवा नुसता मिचकावतोय आणि फ्रीज बंदच. काढून सरळ भिंतीत लावू?" मी म्हटलं, फोन ठेवू नका, बोलत राहू. त्यांनी मला फणसाच्या त्या फांदीचं पुढे काय झालं ते सांगितलं. सांगता सांगता मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "लागला."