नोटिशीतली प्रत्येक तारीख वेगळी

मंडळी, आज मी एकाच नोटिशीबद्दल बोलणार आहे. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी सेफ्टीचं काम बघत होतो. तेव्हा कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता. फॅक्टरी इन्स्पेक्टर पाहणी करून गेले आणि काही दिवसांनी तीन पानी नोटीस आली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "एका पानात लिहून द्या, कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत."

नोटिशीवर तारीख होती ३ जून, आपल्या आवक शिक्क्यावर ८ जून. शेवटी लिहिलं होतं, "नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्तता अहवाल पाठवावा." मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं, २३ जून आली. मी तीच तारीख सगळ्या मुद्द्यांपुढे टाकली, आणि चुकलो. २३ जून ही अहवालाची तारीख होती, कामाची नव्हे.

पहिला मुद्दा कलम २१चा होता: प्रेसच्या मोटरच्या बेल्टला गार्ड नाही, ताबडतोब बसवावं. 'ताबडतोब'चे मी पंधरा दिवस करून ठेवले होते. साहेबांनी पान वाचून प्रेस चालूच ठेवला असता आणि त्याला कारण मी झालो असतो. मग शॉपवर जाऊन पाहिलं. गार्ड होतं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. बेल्टमागच्या बेअरिंगला ग्रीस घालायचं म्हणून कामगार ते काढायचे आणि बोल्ट हरवायचे. म्हणून पानावर मी असं लिहिलं: "आज, ८ जून: प्रेस बंद, मेन स्विचला कुलूप. बोल्ट लावून गार्ड बसवल्याशिवाय सुरू करायचा नाही. ग्रीसची नळी गार्डबाहेर आणायची, १४ जून, मेंटेनन्स." दुसऱ्या ओळीतलं काम नोटिशीत नव्हतं. ते आपलं आहे हे बाजूला लिहून ठेवलं, नाहीतर इन्स्पेक्टरचा हुकूम कोणता आणि आपला विचार कोणता, हे साहेबांना कळलं नसतं.

क्रेनचा मुद्दा अधिक फसवा होता. तिथे फक्त "तपासणी प्रमाणपत्राची मुदत एप्रिलमध्ये संपलेली आढळली" एवढंच होतं. हुकूम नाही, तारीख नाही. पण त्या कायद्याच्या कलम २९प्रमाणे दर १२ महिन्यांत एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून क्रेनची कसून तपासणी व्हायलाच हवी होती. म्हणजे हुकूम कायद्यातच होता. क्रेनवर "वापरू नये" असा फलक लागला, तपासनीसाची वेळ १२ जूनची मिळाली, आणि पुराव्याच्या रकान्यात प्रमाणपत्राची प्रत लिहिली.

त्या तपासणीत हुकाची सेफ्टी लॅच तुटलेली निघाली. सुटा भाग येईपर्यंत २३ जून उलटणार होती. १८ जूनलाच आम्ही कारण लिहून मुदतवाढ मागितली. क्रेन मात्र बंदच ठेवली.