चाळीतली नळी

नमस्कार श्रोतेहो. आमच्या छोट्या कंपनीला गेल्या आठवड्यात पहिलं बाहेरचं भांडवल मंजूर झालं. 30 लाख रुपये, स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेतून. घरी पेढे आले, म्हणून आधीच सांगतो, हे बक्षीस नाही. परिवर्तनीय डिबेंचर आहेत, म्हणजे आज कर्ज, पुढे अटींनुसार त्याचे शेअर होऊ शकतात. या वाटेनं 50 लाखांपर्यंत मिळतात, पण आम्ही तीसच मागितले. बक्षीस नाही, कर्ज आहे.

कांदा साठवायच्या चाळीतलं तापमान आणि दमटपणा मोजून फोनवर कळवणारी डबी आम्ही करतो. पहिले ग्राहक निफाड तालुक्यातले. डबी तयार व्हायच्या आधीच त्यांनी चार डब्यांचे पैसे दिले होते.

जूनचा पहिला पाऊस झाला आणि त्यांचा फोन आला. आम्ही गेलो. फोनवर सगळं छान दिसत होतं, 29 अंश, दमटपणा 68 टक्के. घरातल्या आजी म्हणाल्या, "आत सडलंय. वास येतोय." मी त्यांच्यापुढे फोन धरला. त्या म्हणाल्या, "याला नाक आहे का?"

ढीग उपसला. कडेचा कांदा खणखणीत, पण मधोमध, दोन-अडीच फूट आत, काळं पाणी सुटलेलं, हाताला गरम लागत होतं. आमची डबी होती कडेच्या बांबूला बांधलेली, जिथं वारा खेळतो. ती वारा मोजत होती, कांदा नव्हे. पुन्हा सांगतो, वारा मोजत होती.

आजींच्या मुलानं बोअरच्या केसिंगचा उरलेला तुकडा आणला, त्याला भोकं पाडली, शेजारच्या न उपसलेल्या ढिगात मधोमध उभा खुपसला. आमच्या सहकारी मुलीनं तिथंच वायर वाढवून सेन्सर नळीत सोडला. सकाळी बाहेर 29, आत 34. तो ढीगही उपसला, निवडला, बराचसा वाचला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक डबीबरोबर नळी जाते. ती कल्पना आमची नाही.

(कांदा महागला की शहरात बातमी होते. चाळीत सडतो तेव्हा कुणी विचारत नाही. असो.)

त्या जूननंतरही आमच्या अकरा ग्राहकांपैकी एकानंही पैसे परत मागितले नाहीत. तिघा सहकाऱ्यांनी पाच महिने अर्ध्या पगारावर काम केलं. मंजुरीच्या पत्रावर सही माझी आहे, एवढंच.

पैसे जातील वास ओळखणाऱ्या सेन्सरवर. कारण कांदा तापेपर्यंत सड बरीच पसरलेली असते, आजींना ती त्याआधी कळते.

बातमी सांगायला आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता त्या नळीला जाळी लावा, भोकात फोलपटं अडकतात."