कॅन्सर नाही, मग ऑपरेशनची घाई कशाला?

हा प्रश्न मिक्सोमाच्या पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, आणि तो रास्तच आहे.

मोठ्या माणसांच्या हृदयातच उगम पावणाऱ्या गाठींत मिक्सोमा सर्वांत जास्त आढळतो. (दुसरीकडचा कॅन्सर पसरून हृदयात येणं याहून खूप अधिक, पण तो विषय आज नको.) साधारण चारातले तीन मिक्सोमा डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात असतात. दोन अलिंदांमधल्या पडद्याला बहुधा देठानं चिकटलेली, लिबलिबीत, हात लावला तर तुकडा निघेल अशी गाठ.

पंचेचाळिशीच्या एका बाईंचं उदाहरण घ्या. काही महिने दम लागतोय, बारीक ताप येतोय, वजन उतरतंय. छातीत आवाज ऐकू आला, तेव्हा डाव्या अलिंदाखालची मायट्रल झडप अरुंद झाली असावी असं वाटलं. वाटणारच, कारण झडप उघडली की गाठ झोके घेत नेमकी तिच्या तोंडात येऊन बसते आणि रक्त अडतं. फरक एवढाच की कूस बदलली की त्यांचा दम कमी-जास्त व्हायचा. अशी तक्रार पेशंटनं सांगितली तर कान टवकारावेत.

मग एके दिवशी उजवा पाय अचानक गार आणि पांढरा पडला, नाडी लागेना. मांडीतल्या धमनीतून फुग्याच्या कॅथेटरनं अडथळा काढला. तो नेहमीच्या गुठळीसारखा लालकाळा नव्हता. राखाडी, बुळबुळीत होता. सर्जननं तो टाकून न देता पॅथॉलॉजीला पाठवला आणि उत्तर आलं: मिक्सोमा. इको केला, तर अलिंदात पाच सेंटिमीटरची गाठ.

हाच तुकडा मेंदूत गेला असता तर पक्षाघात. आणि इथंच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा भरवसा संपतो. गाठीवर साचलेल्या रक्ताच्या गुठळीला त्या रोखतीलही, पण गाठीचाच तुकडा सुटला तर त्या काय करणार? गाठ विरघळवणारं औषधही नाही. म्हणून निदान झालं की ऑपरेशन लांबवत नाहीत.

हार्ट-लंग मशीनवर घेऊन, महाधमनीला क्लॅम्प लागेपर्यंत आम्ही हृदय शक्यतो हलवत नाही. हलवलं तर तुकडा सुटायची भीती. गाठ देठासकट आणि देठाभोवतीचा पडदा थोडा घेऊन काढायची. पडद्याला पडलेलं भोक लहान असेल तर शिवायचं, नाहीतर हृदयावरच्याच आवरणाचा तुकडा लावून बुजवायचं. अशी गाठ पुन्हा सहसा होत नाही. घराण्यात चालत आलेल्या प्रकारात मात्र होऊ शकते, तिथं भावंडांचाही इको करावा.

प्रत्येक गाठीला हा नियम नाही. तान्ह्या बाळांतला रॅब्डोमायोमा बऱ्याचदा आपोआप आकसतो. रक्त अडत नसेल आणि ठोके बिघडत नसतील, तर तिथं आम्ही चाकू न उचलता ठरावीक काळानं इको करत राहतो.