पाळी चुकली की गोळी वाढवायची

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेवर विषय लांबलचक छापलाय: थायरॉइड, स्त्रीबीज, पाळी आणि गर्भारपणाचे पहिले महिने. सगळ्यावर बोलेन, पण सुरुवात शेवटापासून करते. जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा शेवटीच आहे, आणि शेवटाला वेळ कधीच उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. 29 वर्षांची बाई. थायरॉइडची ग्रंथी मंद, म्हणून रोज सकाळी 75 मायक्रोग्रॅमची लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनचीच, गोळी. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा, 2.1, उत्तम. मूल हवंय. पाळी चुकली, घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर हा पाचवा आठवडा. दवाखान्यात फोन केला, तारीख मिळाली नवव्या आठवड्यातली. तिथे रक्त घेतलं, रिपोर्ट यायला दोन दिवस, तो दाखवायला पुढची भेट. दहाव्या आठवड्यात कळतं की टीएसएच 7.4 झालाय. मग गोळी वाढते.

आता या पाच आठवड्यांत काय चाललं होतं ते पाहा. गर्भाची स्वतःची थायरॉइड दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास हार्मोन बनवायला लागते आणि नीट कामाला लागायला अठरा-वीस आठवडे जातात. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं टी-फोर हे थायरॉइड हार्मोन आईकडूनच जातं. म्हणजे गर्भ पूर्णपणे आईवर अवलंबून असतो नेमक्या त्या आठवड्यांत आपण अपॉइंटमेंटची वाट बघत असतो.

आणि आईची गरज का वाढते? इस्ट्रोजेन वाढलं की यकृतात बनणारं, थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन रक्तात जास्त प्रमाणात टिकून राहतं. एसटीच्या गाड्या वाढल्यासारखं समजा. गाडीत बसलेला हार्मोन काही काम करत नाही, काम करतो तो उतरलेला. गाड्या वाढल्या की तेवढे प्रवासी आत भरावे लागतात, नाहीतर उतरणारे कमी पडतात. शिवाय आईचं रक्त वाढतं, वार थोडा हार्मोन मोडून टाकते. निरोगी ग्रंथी हे सगळं गुपचूप भरून काढते. मंद ग्रंथीला, किंवा ऑपरेशनने काढलेल्या ग्रंथीला, ते जमत नाही. तिथे गोळीच वाढवावी लागते.

किती? साधारण पंचवीस ते तीस टक्के. त्याचा सोपा हिशेब आहे: आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. आपल्या बाईच्या आठवड्याच्या 525 मायक्रोग्रॅमच्या 675 झाल्या. नवी बाटली नको, अर्धी गोळी तोडणं नको. सोमवारी आणि गुरुवारी दोन गोळ्या एकदम, बाकी दिवस एक. (ज्यांचा सोमवारचा उपास असतो त्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं की साबुदाण्याची खिचडीसुद्धा खाणंच आहे, तीही गोळीनंतर तासाभराने.)

माझा आग्रह एवढाच की हे वाक्य गर्भारपणाआधीच चिठ्ठीवर लिहिलेलं असावं: "पट्टी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवसापासून आठवड्याला नऊ, आणि चार आठवड्यांत टीएसएच." डॉक्टरकडून ते आधी मागून घ्या. मनाने वाढवा असं मी म्हणत नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा डोस आधीच जास्त असेल तर हिशेब बदलतो. पुढे विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी, मग तिसाव्याच्या आसपास एकदा. टीएसएच 2.5च्या खाली ठेवायचा. आणि मूल ठरवताय तर तो आकडा आधीच तिथे आणून ठेवा, कारण डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात.

आता चहा. हसू नका, निम्मे बिघडलेले रिपोर्ट चहाचे असतात असा माझा संशय आहे. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासाने, तासाने असेल तर उत्तम. त्याहून मोठा शत्रू मात्र सरकारी आहे, तोही चांगल्या हेतूचा. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी सुरू होते, मग कॅल्शियम. दोन्ही आतड्यात लिव्होथायरॉक्सिनला चिकटतात आणि ते तसंच वाया जातं. पहिल्या तीन महिन्यांत व्यवस्थित असलेला टीएसएच पाचव्या महिन्यात 6 झाला की डोस वाढवण्याआधी विचारा: लोह किती वाजता घेता? थायरॉइडची सकाळी सहाला घेतली तर लोह दुपारच्या जेवणानंतर आणि कॅल्शियम त्यापासून लांब, संध्याकाळी. अंतर चार तासांचं. सासूबाई सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून प्रेमाने हातात देतात, ती वाटी तेवढी बंद करा.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं उरली म्हणे. तर मग छापलेला विषय.

ग्रंथी मंद झाली की मेंदूतून टीआरएच हे हार्मोन वाढतं. ते टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनही वाढवतं, म्हणजे दूध आणणारं हार्मोन. प्रोलॅक्टिन वाढलं की बीजकोशाला मेंदूकडून येणारे ठोके मंदावतात आणि स्त्रीबीज बाहेर पडत नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही; गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि शेवटी खूप आणि लांब रक्तस्राव होतो. म्हणून मंद ग्रंथीत पाळी लांबते आणि आली की जास्त जाते. ग्रंथी जोरात असेल तर बहुधा उलटं: पाळी थोडी, कधी बंदच.

यातून एक कामाचं: टीएसएच 30 आणि प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं असं एकत्र दिसलं तर आधी थायरॉइडचा उपचार, सहा-आठ आठवड्यांनी प्रोलॅक्टिन पुन्हा. लगेच एमआरआय काढला तर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी फुगलेली दिसू शकते आणि घरात गाठीची भीती पसरते. पीसीओएसचा शिक्का मारण्याआधीही टीएसएच बघावाच. उलट टीएसएच 4.8 आला म्हणून पाळीच्या प्रत्येक तक्रारीचं खापर त्यावर फोडू नका.

गर्भपाताबद्दल एकच. लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असतो. ज्यांचा डोस दहाव्या आठवड्यात वाढला त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल असेल तर लिव्होथायरॉक्सिन दिल्याने जिवंत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण वाढत नाही. ब्रिटनमधल्या 2019च्या मोठ्या चाचणीत ते तपासून झालंय.

दोन धोके. नवव्या-दहाव्या आठवड्यात उलट्या आणि टीएसएच 0.05: हे बहुधा वारेतून येणारं एचसीजी हे हार्मोनच ग्रंथीला ढोसत असतं, अठराव्या आठवड्यापर्यंत आपोआप निवळतं. गळ्याला सूज, डोळे मोठे, गर्भारपणाआधीपासून धडधड असेल तर अँटिबॉडी तपासा. आणि खरीच जोरात ग्रंथी असून ती मंदावणारी कार्बिमाझोलची गोळी चालू असेल तर पाळी चुकल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सहा ते दहा आठवड्यांत त्याने बाळात व्यंग येऊ शकतं, पहिल्या तिमाहीत त्याऐवजी पीटीयू हे दुसरं औषध वापरतात. गोळी मात्र स्वतः बंद करू नका.

केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा, नाहीतर टीएसएच खोटा कमी येतो. बाळंतपणानंतर गोळी पुन्हा सातवर, सहा आठवड्यांनी तपासणी. आता प्रश्न घेते, पण रिपोर्ट फोनवर असतील तर संदर्भाची मर्यादा कोणत्या लॅबची आहे तेही वाचून दाखवा.