सर्किट लागल्यावर आपल्या अल्गोने काय करावे?

नमस्कार. आजचा विषय अल्गो ट्रेडिंगमधल्या एका ठरावीक प्रसंगाचा आहे. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या भावाच्या खालच्या मर्यादेला, अडकलेला असताना, किंवा संपूर्ण बाजारच थांबवलेला असताना, आपला प्रोग्रॅम विक्रीच्या ऑर्डरी पाठवत राहतो, एक्स्चेंज त्या फेटाळत राहते आणि प्रोग्रॅमला मात्र आपण काय करतो आहोत याचा पत्ताच नसतो. हे ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर थांबायचे कसे, हे आपण नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या नियमांच्या आधारे पाहू.

सुरुवात एका शेअरपासून करू. डेरिव्हेटिव्ह्जमध्ये नसलेल्या शेअरला एक्स्चेंज 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांचा प्राइस बँड लावते, आणि त्या दिवशी त्या बँडच्या बाहेरच्या भावाची ऑर्डर स्वीकारलीच जात नाही. समजा, आपल्या शेअरचा कालचा बंद भाव 412.35 रुपये आहे आणि बँड 5 टक्क्यांचा आहे. गणित केले तर खालची मर्यादा 391.7325 येते, पण हा शेअर पाच-पाच पैशांच्या टप्प्याने चालतो आणि मर्यादा 5 टक्क्यांच्या बाहेर जाता कामा नये, म्हणून ती आतल्या बाजूला, म्हणजे 391.75 वर येते. त्याच हिशेबाने वरची मर्यादा 432.95 होते.

आता आपल्या प्रोग्रॅमचा नियम असा आहे की भाव 395 च्या खाली गेला की शेअर विकायचा, आणि ऑर्डर लगेच पुरी व्हावी म्हणून लिमिट चालू भावापेक्षा एक टक्का खाली ठेवायची. एरवी ही पद्धत ठीक चालते. आज भाव 394 झाला, प्रोग्रॅमने एक टक्का वजा करून 390.06 काढले, पाच पैशांच्या टप्प्यावर आणून 390.05 ची ऑर्डर पाठवली आणि ती फेटाळली गेली. भाव अजून मर्यादेच्या सव्वादोन रुपये वर आहे, खरेदीदारही हजर आहेत, आणि तरीही आपली विक्री होत नाही, कारण आपणच मागितलेला भाव बँडच्या बाहेरचा आहे. फेटाळल्यावर दर दोन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करायचा असे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असेल, तर तासाभरात अशा 1,800 ऑर्डरी जातात. दरम्यान भाव 391.75 ला टेकतो, खरेदीदार संपतात आणि विकण्याची खरी संधी निघून जाते. थोडक्यात, हे नुकसान सर्किटने केलेले नाही, ऑर्डरचा भाव मर्यादेशी ताडून न पाहिल्याने झालेले आहे.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी की ऑर्डर पाठवण्याआधी भाव मर्यादेच्या आत आणावा. इथे ही मर्यादा स्वतः काढण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. काल संध्याकाळी पडद्यावर दिसलेला शेवटचा भाव म्हणजे बंद भाव नव्हे. अशा शेअरसाठी एक्स्चेंज शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची, उलाढालीच्या वजनाने काढलेली सरासरी बंद भाव म्हणून धरते. शेवटचा व्यवहार 415.10 ला झालेला असला, तरी बंद भाव 412.35 असू शकतो. शिवाय बोनस किंवा स्प्लिटच्या दिवशी आधारभावच बदललेला असतो. बँडचा टक्कासुद्धा एक्स्चेंज बदलू शकते. डेरिव्हेटिव्ह्जमध्ये असलेल्या शेअरना तर ठरलेला बँड नसतोच. त्यांची मर्यादा 10 टक्क्यांपासून सुरू होते आणि अटी पुऱ्या झाल्या की दिवस चालू असतानाच रुंदावते. त्यामुळे सकाळी एकदा वाचून ठेवलेली मर्यादा दुपारी चुकीची ठरू शकते. हा आकडा ब्रोकरच्या एपीआयकडूनच, ऑर्डर पाठवण्याच्या आधी, ताजा घ्यावा.

झिरोधाच्या काइट कनेक्ट या एपीआयमध्ये तो कोट मागवल्यावर मिळतो. वेबसॉकेटवरून येणाऱ्या टिकमध्ये या मर्यादा नसतात, हे लक्षात ठेवा. केवळ टिकवर चालणारे प्रोग्रॅम इथेच फसतात. कोटची विनंती सेकंदाला एकदाच करता येत असल्यामुळे ती प्रत्येक टिकला न करता, विकायचा निर्णय झाल्यावर करावी. पडद्यावर दिसणारा हा कोड तेवढेच काम करतो.

```python
q = kite.quote([sym])[sym]
lo = q["lower_circuit_limit"]
buyers = sum(d["quantity"] for d in q["depth"]["buy"])
price = max(want, lo)
locked = buyers == 0 and q["last_price"] <= lo
```

यातली चौथी ओळ आपल्या 390.05 चे 391.75 करते. भाव 394 असताना 391.75 ची विक्रीची ऑर्डर गेली, तर ती वरच्या भावाच्या खरेदीदारांशी जुळते. लिमिट खाली ठेवली म्हणून आपल्याला 391.75 च मिळतील असे नाही. प्रत्यक्ष कोडमध्ये या तुलना पैशांच्या पूर्णांकात करा, कारण दशांश अपूर्णांक संगणकात नेमके साठत नाहीत आणि 391.75 ची 391.7500001 शी तुलना होऊन चुकीचा निर्णय लागू शकतो.

पाचवी ओळ वेगळा प्रश्न विचारते. शेअर मर्यादेला टेकला आहे आणि समोर एकही खरेदीदार नाही, म्हणजे तो सर्किटला बंद झाला आहे का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. 390.05 ची ऑर्डर मुळातच मृत आहे, एक्स्चेंज ती घेणारच नाही. 391.75 ची ऑर्डर मात्र जिवंत आहे. ती रांगेत उभी राहते, आणि खरेदीदार आला की त्या भावाला आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. म्हणून लोअर सर्किटला अडकलेल्या शेअरमध्ये प्रोग्रॅमने थांबावे याचा अर्थ काहीच करू नये असा नाही. त्याने नेमक्या मर्यादेच्या भावाला एकच ऑर्डर ठेवावी, तिचा क्रमांक लिहून ठेवावा आणि तिला हात लावू नये. ती रद्द करून पुन्हा टाकली की रांगेतली जागा जाते, आणि लाखभर शेअर विक्रीला लागलेले असताना ती जागाच आपल्या हातातली एकमेव गोष्ट असते.

दिवस संपेपर्यंत खरेदीदार आला नाही, तर डे ऑर्डर आपोआप संपते. समजा, शेअर 391.75 लाच बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याच 5 टक्क्यांनी खालची मर्यादा 372.20 आणि वरची 411.30 होते. कालची 391.75 ची ऑर्डर प्रोग्रॅमने आंधळेपणाने पुन्हा टाकली, तर ती आता मर्यादेत बसते खरी, पण शेअर 380 ला उघडला तर विक्री होणार नाही. म्हणून रोज सकाळी थांबलेली स्थिती पुसून निर्णय नव्याने घ्यावा.

आता संपूर्ण बाजाराकडे वळू. निफ्टी 50 किंवा सेन्सेक्स यांपैकी कोणताही एक निर्देशांक आदल्या दिवसाच्या बंद पातळीपासून 10, 15 किंवा 20 टक्के हलला, की देशभरातले शेअर आणि त्यांच्या डेरिव्हेटिव्ह्जचे व्यवहार थांबतात. किती वेळ थांबतात हे घड्याळावर अवलंबून असते. दुपारी एकच्या आधी 10 टक्क्यांची मर्यादा लागली तर 45 मिनिटे, एक ते अडीचच्या दरम्यान लागली तर 15 मिनिटे, आणि अडीचनंतर लागली तर बाजार थांबतच नाही. या शेवटच्या नियमामुळे निर्देशांक 10 टक्के पडला म्हणजे बाजार बंद, असे सरळ लिहिलेला प्रोग्रॅम दुपारी पावणेतीनला विनाकारण हात बांधून बसेल.

मग बाजार थांबला हे ओळखायचे कशावरून? एखाद्या शेअरचे टिक बंद झाले, याला तीन कारणे असू शकतात: त्या शेअरमध्ये व्यवहारच होत नाहीत, आपले इंटरनेट तुटले आहे, किंवा बाजार थांबला आहे. वेबसॉकेटवर काहीच डेटा नसला तरी जोडणी जिवंत असल्याची खूण म्हणून एका बाइटचा संदेश येत राहतो. तो येत नसेल तर दोष जोडणीचा समजावा. तो येत असेल आणि रिलायन्स, एचडीएफसी बँक, इन्फोसिस यांसारख्या सतत चालणाऱ्या पाच-सहा शेअरपैकी एकाचीही शेवटच्या व्यवहाराची वेळ गेल्या अर्ध्या मिनिटात पुढे सरकलेली नसेल, तर बाजार थांबला आहे असे धरून नव्या ऑर्डरी रोखाव्यात. हे सर्किट आहे की एक्स्चेंजमधला बिघाड, हे प्रोग्रॅमला त्या क्षणी कळण्याची गरज नाही. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसईचे व्यवहार निर्देशांक फारसा न हलता, तांत्रिक कारणाने कित्येक तास थांबले होते. निर्देशांकाच्या टक्क्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला ते समजले नसते, वेळेच्या शिक्क्यावर लक्ष ठेवणाऱ्याला समजले असते.

पुन्हा सुरू होणे हे थांबण्यापेक्षा अवघड आहे. 45 मिनिटे झोप, मग पुढे चल, असा आदेश लिहिणे सोपे वाटते. पण 45 मिनिटांनंतर आधी 15 मिनिटांचे प्री-ओपन सत्र होते, त्यात ऑर्डरी गोळा करून एक भाव ठरवला जातो आणि मगच नेहमीचे व्यवहार सुरू होतात. म्हणून घड्याळावर विसंबू नका. त्याच पाच-सहा शेअरमध्ये नवे व्यवहार सलग एक-दोन मिनिटे दिसत राहिले, तरच स्थिती बदला.

मार्च 2020 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोनदा 10 टक्क्यांचे लोअर सर्किट लागले. 13 मार्चला बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच व्यवहार थांबले. आदल्या दिवशी निफ्टी 9,590.15 ला बंद झाला होता, आणि बाजार पुन्हा सुरू झाल्यावर तो इतका उसळला की दिवसअखेर 9,955.20 ला, म्हणजे चांगल्या वाढीने बंद झाला. 23 मार्चला सकाळी दहाच्या सुमारास तेच सर्किट लागले, पण या वेळी बाजार सुरू झाल्यावर आणखी घसरला आणि 8,745.45 वरून 7,610.25 ला, सुमारे 13 टक्के खाली बंद झाला. थांबण्याच्या क्षणी दोन्ही दिवशी पडद्यावरचे चित्र जवळजवळ सारखेच होते. पहिल्या दिवशी थांबण्याआधीचा विक्रीचा निर्णय रांगेत जपून ठेवून नंतर पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने उसळीच्या तोंडावर शेअर विकले असते. म्हणून थांबलेल्या काळात साठलेले सगळे निर्णय टाकून द्यावेत, ऑर्डर बुक आणि होल्डिंग ब्रोकरकडून नव्याने वाचावे, आणि नव्या भावांवर निर्णय पुन्हा घ्यावा. 23 मार्चला त्या नव्या निर्णयानेही विकाच असे सांगितले असते, आणि तेव्हा तो भाव मर्यादेच्या आत असता.

इतके करूनही एखादी ऑर्डर फेटाळली जाईल, कारण मर्यादा वाचणे आणि ऑर्डर पोहोचणे यांत काही क्षण जातातच. तेव्हा `REJECTED` आले की तीच ऑर्डर पुन्हा पाठवू नका. `status_message` मधला मजकूर जसाच्या तसा लॉगमध्ये लिहा, कोट पुन्हा मागवा आणि मर्यादा बदलली असेल तरच एकदा प्रयत्न करा. मर्यादा तीच असूनही दुसरी ऑर्डर फेटाळली गेली, तर त्या शेअरपुरते सगळे थांबवून स्वतःच्या फोनवर सूचना पाठवा, कारण त्यापुढे कारण काय ते माणसानेच मजकूर वाचून ठरवायला हवे.