चकमकीनंतरचे कागद

मंडळी, कोर्टाच्या बातम्या देण्यात माझी उमेदवारी गेली. नव्वदीत चकमकीची बातमी आली की आम्ही जुनंच वाक्य काढायचो: ‘पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात कुख्यात गुंड ठार.’ नाव आणि जागा बदलायची, की झालं. एकदा गडबडीत आदल्या खेपेचंच नाव राहिलं. दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही! हसा, पण वाक्य किती सरावाचं झालं होतं बघा.

मुंबईत 1995 ते 1997 या काळात सुमारे 99 चकमकी झाल्या, त्यांत 135 च्या आसपास माणसं गेली. त्यावरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 23 सप्टेंबर 2014 ला निकाल आला: मृत्यू झाला की एफआयआर व्हायलाच हवा, आणि तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याने करायचा.

बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 ला, बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस गाडीतच मारला गेला. पोलीस म्हणाले, त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली. त्याच्यावरचे आरोप भयंकर होते, लोकांनी पेढे वाटले, ते मला कळतं. पण एफआयआर कोणावर? मेलेल्यावरच, खुनाच्या प्रयत्नाचा! माझी तक्रार नेमकी इथे आहे. आरोपीच मेला, मग खटला कोणावर चालवणार? आणि गोळी झाडणाऱ्याचं काय, हे कोणी विचारायचं?

संयोजकांनी चिठ्ठी दिलीय, पाच मिनिटं. मुख्य विषय राहिलाच की! असो.

एरवी चकमकीची चौकशी कार्यकारी दंडाधिकारी करतो, म्हणजे बहुधा प्रांताधिकारी. कोठडीतला मृत्यू असेल तर न्यायदंडाधिकारी. बदलापूर प्रकरणातला आरोपी कोठडीत होता, म्हणून न्यायदंडाधिकारी आले. जानेवारी 2025 मधल्या त्यांच्या अहवालात पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याची नोंद होती, आणि पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. पण ही चौकशी शिक्षा देत नाही. ती कारण शोधते, पुढे वेगळा गुन्हा नोंदवावा लागतो. तिथेच सरकार अडलं. शेवटी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथक नेमून गुन्हा नोंदवायला सांगितलं.

तेव्हा चकमकीची बातमी वाचाल तर हे बघा: खबर आधी कुठे लिहून ठेवली होती का? शस्त्र न्यायवैद्यकाकडे गेलं का? शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी केलं का, त्याचं चित्रीकरण आहे का? नातेवाइकांना कळवलं का? आणि हो, शौर्य निःसंशय सिद्ध होण्याआधी बढती किंवा पदक द्यायचं नाही, असंही 2014 च्या त्याच निकालात आहे. फुलांचे हार घालू नका, असं मात्र त्यात कुठे म्हटलेलं नाही.

बरं, ते काका माइक काढून घ्यायला आलेच.